न वापरलेलं पॅकेज आणि बिलावरचं ‘नॉन-रिफंडेबल’

नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो. मार्चमध्ये आमच्या सोसायटीत दात तपासणीचा कॅम्प लागला होता. तिथल्या मुलीच्या सांगण्यावरून चौघांचं वर्षभराचं पॅकेज घेतलं. त्यात प्रत्येकाची एकदा रक्ततपासणी, दोनदा दात साफ करणं आणि लागतील ते छोटे एक्स-रे होते. तिने मोबाइलवर पाठवलेल्या लिंकवरून मिस्टरांच्या क्रेडिट कार्डाने ९,४४० रुपये भरले. आतापर्यंत फक्त मिस्टरांचं एकदा स्केलिंग आणि एक एक्स-रे झाला. मला आणि मुलाला शनिवारशिवाय जमत नाही; दोनदा विचारलं, तर शनिवारी डॉक्टर नसतात म्हणाले. सासूबाईंचं रक्त घरी येऊन नेणार होते, पण नंतर ‘तुमच्या भागात ती सेवा नाही’ असं सांगितलं. आता त्या नणंदेकडे यवतमाळला राहायला गेल्या. पैसे परत मागितले की बिलावरचं ‘नॉन-रिफंडेबल’ दाखवतात. फार तर वॉलेटमध्ये ३,४०० रुपये जमा करू म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई, वॉलेटमधले ३,४०० घेऊ नका. पण पूर्ण ९,४४० परत मिळतील असंही धरून चालू नका. तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो आणि पॅकेजचं माहितीपत्रक पाहिल्यावर मला तुमची रास्त मागणी साडेसात हजारांच्या थोडी वर दिसते. ती करायला तुमच्याकडे नोव्हेंबरअखेरपर्यंतच सोयीचा वेळ आहे. तसं का, ते पुढे येईलच.

आधी तुमची बाजू कुठे पक्की आहे आणि कुठे कच्ची, ते बघू. विम्याची पॉलिसी घेतली की ती वाचून परत करायला ३० दिवस मिळतात, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की तपासणीच्या पॅकेजलाही तशी मुदत असते. तशी ती नसते. पॅकेज म्हणजे विमा नाही, आगाऊ पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. ‘आता नको वाटतं’ एवढ्या कारणावर ते रद्द करण्याचा आपोआप मिळणारा हक्क आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे सासूबाई यवतमाळला गेल्या, हे कारण अर्जात पहिलं लिहू नका. ते खरं असलं तरी समोरच्याला लगेच म्हणता येतं की तो तुमचा घरगुती प्रश्न.

तुमची खरी ताकद दुसरीकडे आहे. तुम्ही सेवा मागितली आणि त्यांनी दिली नाही. शनिवारचा डॉक्टर नाही, घरून रक्त न्यायला माणूस नाही. माहितीपत्रकावर मात्र ‘सोमवार ते शनिवार’ आणि ‘होम कलेक्शन मोफत’ असं स्वच्छ छापलंय. इथे तुमची तक्रार ‘मन बदललं’ या खात्यातून उठून ‘सेवेत त्रुटी’ या खात्यात जाते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या खात्यातल्या माणसाला चांगला हात देतो. त्रुटी असलेली सेवा बंद करून पैसे परत करायला नकार देणं, ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. पैसे परत करण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, नाहीतर ३० दिवस.

म्हणून आज संध्याकाळीच बसून पुरावा गोळा करा. तुम्ही शनिवारसाठी विचारलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्यांचं उत्तर आणि फोन केले असतील तर कॉल लॉगचे तारीख दिसणारे स्क्रीनशॉट घ्या. नुसत्या फोनवर झालेल्या बोलण्याला दवाखाना पुढे ‘असं काही बोललोच नाही’ म्हणू शकतो. तशी शंका असेल तर त्यांना आजच एक मेसेज टाका: ‘मला आणि मुलाला येत्या तीन शनिवारपैकी कधीही अपॉइंटमेंट द्या.’ नाही म्हणाले तर लेखी नकार हातात आला. हो म्हणाले तर जाऊन या, आणि तेवढी सेवा हिशोबातून वजा करा. यात फसवाफसवी काही नाही. पॅकेज अजून चालू आहे आणि तुमचा तो हक्क आहे.

आता ‘नॉन-रिफंडेबल’. हा शब्द छापला की विषय संपला, असं काउंटरवरच्या माणसाला प्रामाणिकपणे वाटत असतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वेगळं सांगतं. करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची वरची मर्यादा असते. लिहिलाय म्हणून तो सगळाच गिळता येत नाही. मग विचारायचा प्रश्न असा: तुम्ही न आल्याने त्यांचं नुकसान किती झालं? रक्ततपासण्या बहुधा दुसऱ्या लॅबकडून करून घेतल्या जातात आणि लॅबला पैसे तपासणी झाल्यावर जातात. चार नमुने गेलेच नाहीत, म्हणजे तिथे त्यांचा खर्चही झाला नाही. दातांच्या खुर्चीचा वेळही तुम्ही बुक करून वाया घालवला नाही. राहिला विक्रीचा आणि कागदपत्रांचा खर्च. तो त्यांनी खुशाल मागावा.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. पैसे तुम्ही लिंकवरून, कंपनीच्या वेबसाइटवर भरलेत. मग २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार घेता येतो. विक्रेत्याने स्वतः एकतर्फी रद्द केलं तर तो जेवढा आकार सोसतो, तसाच आकार असेल तरच त्याला ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घेता येतात, असं ते नियम सांगतात. ते तुमच्याकडून रद्द करण्याचे २० टक्के कापतायत. तुमच्या अटींमध्ये कंपनीने रद्द केल्यास तीही तुम्हाला २० टक्के देईल, असं कुठे लिहिलंय का ते बघा. मला पाठवलेल्या पानांत तरी ते नाही. कॅम्पमधल्या टेबलावर बसून विकलं, मग ई-कॉमर्स कसलं, असा वाद ते घालतील. म्हणून हा मुद्दा मुख्य करू नका, जोडीला ठेवा.

हिशोब आता नीट मांडू, कारण बहुतेक लोक इथेच हरतात. बिलावर पॅकेज ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४० आहे. त्यांचे ३,४०० कुठून आले? स्केलिंगचे २,०००, एक्स-रेचे ५०० आणि ‘कन्सल्टेशन’चे ५०० असे तीन हजार त्यांनी माहितीपत्रकावरच्या ‘मूळ किमती’ने कापले. मग ८,००० च्या २० टक्क्यांनी १,६०० रद्द करण्याचे. जीएसटीचं नावच नाही.

ती ‘मूळ किंमत’ ही पॅकेज स्वस्त दिसावं म्हणून छापलेली किंमत आहे. रस्त्यावरून आत आलेल्या पेशंटकडून ते तेवढे घेत नाहीत. हे पडताळायला अवघड नाही. घरातल्या दुसऱ्या नंबरवरून फोन करा आणि नवीन पेशंट म्हणून विचारा, ‘दात साफ करायला किती घेता? छोट्या एक्स-रेचे किती?’ जमलं तर तोच प्रश्न मेसेजवर विचारा, म्हणजे दर लेखी येतो. तुमच्या भाच्याला त्याच शाखेतून स्केलिंगचे ९०० आणि एक्स-रेचे २५० सांगितले असं तुम्ही लिहिलंय. तेच दर धरा. कोणी म्हणेल, पॅकेजमध्ये सवलत होती, मग वापरलेल्या सेवेवरही सवलतीचाच दर लावा. मागून बघायला हरकत नाही, पण मला ते फारसं पटत नाही. सवलत चौघांचं वर्षभराचं घेतलं म्हणून होती. पॅकेज मोडताना साधा चालू दर मोजणं हे दोन्ही बाजूंना न्याय देणारं आहे, आणि असा हिशोब मांडणाऱ्याचं पुढे कुणीही ऐकतं. स्केलिंगच्या आधी दोन मिनिटं तोंड उघडून बघितलं, त्याचं वेगळं ‘कन्सल्टेशन’ मात्र मानू नका. नवीन पेशंटला ते वेगळं लावत नाहीत, हेही त्या फोनवरच विचारून घ्या.

तेव्हा ८,००० मधून १,१५० गेले, उरले ६,८५०. कागदपत्रांच्या खर्चापोटी ५ टक्के, म्हणजे ४०० रुपये, आपणहून सोडा. उरले ६,४५०. त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,१६१. एकूण मागणी ७,६११ रुपये, आणि तीही कार्डावर परत, वॉलेटमध्ये नाही. वॉलेटमधले पैसे पुन्हा त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच दराने खर्च करावे लागतात आणि बहुतेक वेळा त्यांनाही मुदत असते. शनिवारी डॉक्टर नसलेल्या दवाखान्यातलं वॉलेट तुम्हाला काय कामाचं?

जीएसटीबद्दल दोन शब्द जास्त, कारण ‘टॅक्स तर सरकारला गेला, तो कसा देणार’ हे उत्तर तुम्हाला नक्की मिळणार. एक तर दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नसतो. बिलावर १८ टक्के लागलाय, याचा अर्थ त्यांनी तुम्हाला उपचार नाही, मेंबरशिप किंवा कार्ड विकलंय, आणि बहुधा विकणारी कंपनी दवाखान्याच्या पाटीवरच्या नावापेक्षा वेगळी आहे. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात जीएसटी नंबरसोबत जे नाव आहे, पत्र त्याच नावाने जायला हवं. धरमपेठेतल्या शाखेच्या मॅनेजरला लिहिलेलं पत्र टेबलाच्या खणात पडून राहतं.

दुसरं, सेवा त्रुटीची निघाली तर विक्रेत्याला जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते आणि भरलेला कर आपल्या पुढच्या रिटर्नमध्ये कमी करून घेता येतो. म्हणजे तुमचे १,१६१ परत देताना त्याच्या खिशातून काही जात नाही. पण याला तारीख आहे. ज्या आर्थिक वर्षातली विक्री, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच हे समायोजन होतं. तुमचं बिल मार्चमधलं आहे, म्हणजे ते वर्ष ३१ मार्चलाच संपलं आणि मुदत याच ३० नोव्हेंबरला संपते. हेच पॅकेज तीन आठवड्यांनी, एप्रिलमध्ये घेतलं असतं तर एक वर्ष जास्त मिळालं असतं. मुदत उलटली तरी तुमची मागणी मरत नाही, पण मग कराचा भार त्यांच्यावर पडतो आणि ते जास्त ताणून धरतात. पत्रात ही तारीख मुद्दाम लिहा. शाखेतल्या कुणाला नाही कळली तरी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला एका नजरेत कळेल, आणि पैसे सोडायचं काम शेवटी तोच करतो.

पत्र लांबलचक नको. असं पुरेल:

‘दि. … च्या बिल क्र. … नुसार मी आपले वार्षिक कुटुंब पॅकेज घेतले. माहितीपत्रकात शनिवारची सेवा व घरून रक्तनमुना नेण्याची सोय नमूद असूनही दि. … व दि. … रोजी मागणी करूनही ती मिळाली नाही (स्क्रीनशॉट सोबत). सेवेतील या त्रुटीमुळे मी आजपासून पॅकेज रद्द करीत आहे. वापरलेल्या सेवांचे आपल्या चालू दराने १,१५० रुपये व प्रशासकीय खर्च ४०० रुपये वजा करून ६,४५० रुपये व त्यावरील जीएसटी १,१६१ रुपये, एकूण ७,६११ रुपये मूळ कार्डावर १५ दिवसांत परत करावेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट काढण्याची मुदत ३० नोव्हेंबर आहे. वॉलेटमधील रक्कम मला मान्य नाही.’

हे वेबसाइटवर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवा आणि छापील प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी, टाका. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं त्याच ई-कॉमर्स नियमांत आहे. पत्र गेल्यावर मात्र पॅकेजवर काहीही करून घेऊ नका. ‘तोवर एक रक्ततपासणी तरी करून टाका’ असा प्रेमळ फोन येईल. ती केली की पॅकेज तुम्ही चालूच ठेवलं, असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

पत्रासोबतच दुसरं एक काम करा. अटींच्या शेवटच्या पानावर ‘ऑटो रिन्यूअल’ आहे. कार्डावरची अशी आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांपर्यंत असेल तर दरवेळी ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, पण तो मिस्टरांच्या फोनवर इतर मेसेजच्या ढिगात येणार. ९,४४० त्या मर्यादेच्या आत बसतात, म्हणजे येत्या मार्चमध्ये हेच पैसे पुन्हा जाऊ शकतात. कंपनीला विनंती करत बसू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी असते, तिथून तो थेट रद्द करा.

कार्डाने पैसे भरलेत तर बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फतच पैसे परत, करता येईल का, असं मिस्टर विचारतील. दवाखाना बंद पडला असता किंवा कुणालाच काही दिलं नसतं, तर मी आधी तेच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत एक सेवा वापरली आहे आणि बाकीची मिळण्यावरून वाद आहे. विक्रेता मिस्टरांच्या सहीचा कागद बँकेला पाठवेल आणि दावा बहुधा तिथेच पडेल. शिवाय चार्जबॅकची मुदत मोजकीच असते आणि मार्च आता बराच मागे गेला. बँकेला विचारायला पैसे पडत नाहीत, पण त्यावर विसंबून पत्र थांबवू नका.

१५ दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. consumerhelpline.gov.in वरूनही करता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. त्याचा फायदा असा की तक्रार शाखेच्या वर, मुख्य कार्यालयातल्या माणसाच्या समोर जाते. नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

त्यानेही भागलं नाही तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुरुग्रामला, तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणून तुम्हाला नागपूर सोडावं लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

तक्रार लिहिताना एक चूक हटकून होते. ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून लोक मुख्य मुद्दाच असा करतात की हा करार अन्यायकारक आहे, ही अट रद्द करा. २०१९ च्या कायद्यात ‘अन्यायकारक करार’ हा वेगळा प्रकार आहे, पण त्यावरच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला हे बोट ठेवतो आणि तुमची सात हजारांची तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकते. तुम्ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा एवढंच लिहा, मागणी पैसे परतीची, व्याजाची आणि खर्चाची करा. शनिवारचा नकार पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे.

तरी मोकळं सांगते, ७,६११ रुपयांसाठी आयोगाच्या तारखा करणं हे काम वेळखाऊ आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं असलं तरी प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. त्यामुळे हेल्पलाइननंतर त्यांनी साडेसहा हजारांच्या वर, रोख कार्डावर द्यायची तयारी दाखवली तर मी तुमच्या जागी घेऊन टाकेन. हजारभर रुपयांवरून अडून बसू नका. वॉलेटवर आणि जीएसटीवर मात्र अडा.

तडजोड झालीच तर ते ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही मागतील, आणि पैसे ‘सात ते दहा वर्किंग डेज’मध्ये येतील म्हणतील. कागदावर रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि तारीख लिहून घ्या, आणि ‘वरील रक्कम कार्डावर जमा झाल्यानंतरच हा दावा निकाली समजावा’ ही ओळ स्वतःच्या हाताने घालूनच सही करा. ती ओळ घालू देत नसतील, तर पैसे कार्डाच्या स्टेटमेंटवर दिसेपर्यंत सही करू नका.